वर्गांतील नमस्कार

दर वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं महाविद्यालयांतील पहिल्या वर्षाचा पहिला तास घेण्याचा प्रसंग माझ्यावर येतो, आणि दर वर्षीं तीच गंमत मला पाहावयास मिळते. मी दारांतून आंत पाऊल टाकतांच शंभर-सव्वाशें मुलें धाडकन् उभीं राहतात आणि एका सुरांत, शेवटचें अक्षर लांबवीत, 'गुड मॉर्निंग सऽऽर' असें म्हणतात. मी 'बसा' म्हटल्याखेरीज कोणी बसत नाहीं. गणपतीची सुटी संपते तोंवर त्यांतला सूर गेलेला असतो, दिवाळीपर्यंत शब्द जातात, आणि दुसऱ्या सत्रांत पुढच्या दोन-तीन बांकांवरचीं मुलें अर्धवट उठल्यासारखें करितात तेवढेंच काय तें शिल्लक राहतें. मुलें तींच, मास्तरहि तोच. मधल्या चार महिन्यांत मी असा कोणता गुन्हा केला, हा प्रश्न नव्या प्राध्यापकांस फार बोंचतो. माझें वय आतां पन्नाशीच्या पुढें गेलें असल्यामुळें मला तो बोंचत नाहीं. परंतु त्याचें कुतूहल मात्र कमी झालेलें नाहीं.

त्या कुतूहलाचें मूळ एका फजितींत आहे. १९८७ सालीं मी खेड्यांतली शाळा सोडून शहरांतल्या एका महाविद्यालयांत दाखल झालों. आमच्या शाळेंत गुरुजी वर्गांत आले कीं वर्गप्रमुख 'एक साथ नमस्ते' अशी आरोळी ठोकी आणि सारा वर्ग हात जोडून 'नमस्तेऽऽ' असा गजर करी. महाविद्यालयाच्या पहिल्याच तासाला प्राध्यापक आंत आले. मी संवयीनें उठलों, हात जोडले आणि मोठ्यानें 'नमस्ते सर' म्हणालों. उभा राहिलेला मी एकटाच होतों. मागच्या बांकांवर हशा पिकला. प्राध्यापकांनीं मान वर न करितां हजेरीचें पुस्तक उघडलें. आपलें नेमकें काय चुकलें हें मला त्या दिवशीं समजलें नाहीं, आणि पुढें इतिहासाच्या अभ्यासाला लागल्यावर असें दिसून आलें कीं, गुरूला नमस्कार कसा करावा आणि कोणीं करावा हा प्रश्न आपल्या प्रांतांत वाटतो तितका साधा कधींच नव्हता.

आपल्याकडील गुरुवंदनाचा तपशीलवार विधि धर्मसूत्रांत आणि मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत सांपडतो. वेदपाठाच्या आरंभीं आणि शेवटीं शिष्यानें गुरूचे पाय धरावयाचे; तेहि हातांची आढी घालून, म्हणजे उजव्या हातानें उजवा पाय आणि डाव्या हातानें डावा पाय. वडीलधाऱ्यांस अभिवादन करितांना नुसतें वांकून भागत नसे. आपलें नांव उच्चारून 'अमुक नांवाचा मी' असें सांगावें लागे. मौंजीबंधन झालेल्या मुलांकडून गोत्र व नांव उच्चारून 'अभिवादये' म्हणवून घेण्याची रीत आपल्या घरांतून आजहि पाहावयास मिळते, ती याच परंपरेंतली. पण या विधींतला मौजेचा भाग अभिवादनांत नसून त्याच्या उत्तरांत आहे. ज्याला अभिवादन केलें त्यानें आशीर्वाद देतांना शिष्याचें नांव घ्यावें आणि त्या नांवाचा शेवटला स्वर लांबवावा, असा नियम होता. पाणिनीनें आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायांत या लांबविलेल्या स्वरासाठीं स्वतंत्र सूत्र घातलें आहे. म्हणजे स्वर लांबविण्याचें काम त्या काळीं गुरूचें होतें. आज तें मुलांकडे आलें आहे.

परंतु त्याच सूत्रांत एक अपवादहि आहे: अभिवादन करणारा शूद्र असेल तर त्याच्या नांवाचा स्वर लांबवावयाचा नाहीं. पुढें वार्त्तिककारांनीं या अपवादांत स्त्रियांची भर घातली, आणि त्यांच्या बरोबरीनें खोडसाळ मनुष्याचीहि. गुरूकडून नांव लांबवून घेण्यासाठीं मुद्दाम नमस्कार करणारीं कार्टीं तेव्हांहि होतीं, असें यावरून समजावयास हरकत नाहीं. ही गंमत सोडली तर राहतें तें असें कीं, तुमचा नमस्कार कोणत्या सुरांत परत मिळावयाचा हें तुमच्या जन्मावरून ठरत असे.

पेशवाईच्या अखेरीपर्यंत या प्रांतांत नमस्काराचे शब्दहि जातीजातीगणिक आणि पंथापंथागणिक वेगळे होते. ब्राह्मणांचा नमस्कार, शेतकऱ्यांचा रामराम, दरबारांतला मुजरा, महानुभावांचा दंडवत, लिंगायतांचें शरणार्थ, आणि महारांनीं दुरून घालावयाचा जोहार. मनुष्यानें तोंड उघडलें कीं त्याची जागा समजे. ही नुसती रूढि होती असें समजून आपण सोडून देतों. पण त्यामागें राजसत्ता कशी उभी राहत असे याचें एक उदाहरण सुदैवानें कागदोपत्रीं शिल्लक आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोंकणांतील व मुंबईंतील सोनार ब्राह्मणांप्रमाणें सोगा काढून धोतर नेसूं लागले आणि एकमेकांस भेटतांना 'नमस्कार' हा शब्द वापरूं लागले. पुण्याच्या दरबारास हें खपलें नाहीं. आपल्या मुलखांत पेशवे सरकारनें त्यास मनाई केलीच. पण मुंबई बेट पडलें कंपनीच्या ताब्यांत, तेथें पेशव्यांचा हुकूम चालेना. तेव्हां पुण्याहून मुंबईच्या इंग्रज सरकारकडे तगादा गेला, आणि १७७९ सालीं मुंबईच्या कौन्सिलनें सोनारांस 'नमस्कार' या शब्दानें अभिवादन करण्याची बंदी करणारा ठराव केला. बोरघाटाची लढाई आणि वडगांवचा तह झाला तें हेंच साल! ज्या दोन सत्ता त्या वर्षीं एकमेकींविरुद्ध शस्त्र घेऊन उभ्या होत्या, त्यांचें सोनारांच्या नमस्काराबाबत मात्र एकमत झालें.

या ठरावाचा शाळेशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. संबंध असा कीं, इंग्रजी पद्धतीची शाळा या प्रांतांत ज्यांच्या आधारावर उभी राहिली त्यांत एक प्रमुख गृहस्थ दैवज्ञ सोनार होते. जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १८०३ चा, म्हणजे त्या ठरावानंतर चोवीस वर्षांनीं झालेला. पुढें बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नांवानें प्रसिद्ध झालेल्या मंडळीच्या कामांत ते आघाडीवर होते, आणि १८४० सालीं सरकारनें शिक्षणखात्याचें बोर्ड नेमलें तेव्हां त्यांतील एतद्देशीय सभासदांत त्यांचें नांव होतें. ज्या जातीस 'नमस्कार' म्हणण्याची बंदी होती त्या जातीचा मनुष्य साठ-एकसष्ट वर्षांत शाळांचा नियंता झाला, आणि त्या शाळांतल्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं जो शब्द बसला तो नमस्कार नव्हताच, तो होता 'सर'.

हा शब्द जिच्या जागीं आला ती पंतोजीची शाळा आठवून पाहावी. एखाद्या सधन गृहस्थाची ओसरी किंवा देवळाचा मंडप. जमिनीवर बसलेलीं मुलें, पुढ्यांत धुळाक्षरांची पाटी, समोर बैठकीवर पंतोजी. मूल शाळेंत घालतांना नारळ-विडा ठेवून पंतोजीच्या पायां पडावयाचें, पुढें दसऱ्यास पाटीपूजन करून पुन्हा पडावयाचें. रोजच्या व्यवहारांत मात्र नमस्काराचें फारसें प्रकरण नसे. मुलें एकामागून एक येत, बसत आणि पाढे घोकूं लागत. सर्व वर्ग एकदम जमला आहे, मग शिक्षक आंत येत आहेत, हा देखावाच तेथें नव्हता, कारण घंटा नव्हती आणि वर्गहि नव्हते. आज ज्याला आपण शाळेंतला नमस्कार म्हणतों, तो घंटा आणि वेळापत्रक यांच्याबरोबर आलेला आहे.

त्याच्या जोडीला आलीं बांकें, टेबल आणि खुर्ची. सामानाचा आणि शिष्टाचाराचा संबंध आपण फारसा लक्षांत घेत नाहीं. जमिनीवर बसलेल्या मुलाला समोर बैठकीवर बसलेल्या गुरूचे पाय सहज सांपडतात. तोच गुरु चौथऱ्यावर, खुर्चींत, टेबलाच्या आड गेला आणि मुलगा बांकांत अडकून बसला, कीं पायांपर्यंत पोंचण्याची वाटच बंद होते. बांकावरच्या मुलाला सोयीनें करण्यासारखी एकच गोष्ट राहते, ती म्हणजे जागच्या जागीं उभें राहणें. उठून उभें राहण्याची रीत इंग्रजांची खरी, पण ती रुजली ती बांकामुळें, असें मला वाटतें.

आणि येथेंच या नव्या नमस्काराचें सामर्थ्य आहे. पाय धरण्यांत स्पर्श आहे. 'सर' म्हणण्यांत स्पर्श नाहीं. पाय धरावयाचे तर कोणाचे पाय कोणीं धरावे हा प्रश्न लगेच उभा राहतो. बांकाजवळ उभें राहून चार हातांवरून 'गुड मॉर्निंग सर' म्हणावयास कोणाची कांहींच हरकत नसते. त्यांत नांव सांगावें लागत नाहीं, गोत्र सांगावें लागत नाहीं. पारशी, मुसलमान, प्रभु, सोनार, ब्राह्मण या सर्वांस तो एकाच सुरांत म्हणतां येतो आणि मास्तरास एकाच सुरांत परत करितां येतो. पाणिनीला जो अपवाद करावा लागला तो येथें करण्याची सोयच नाहीं. परक्या राज्यकर्त्यांचा शब्द असल्यामुळें तो आमच्यापैकीं कोणाच्याच मालकीचा नव्हता, आणि म्हणूनच कदाचित् त्याबद्दल भांडण झालें नाहीं.

अर्थात् हें सारें वर्गाच्या उंबरठ्याच्या आंत आल्यानंतरचें. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला आणि त्याला तो नाकारण्यांत आला. धारवाड तेव्हां मुंबई इलाख्यांत होतें. प्रकरण मुंबई सरकारकडे गेलें. तत्त्व मुलाच्या बाजूचें आहे, परंतु एका मुलासाठीं इतर सारे विद्यार्थी शाळा सोडून जातील, अशा अर्थाची अडचण पुढें करून सरकारनें अंग काढून घेतलें. नंतर वरिष्ठांकडून सरकारी शाळा सर्वांस खुल्या असल्याचें कागदावर जाहीर झालें. तरी अनेक ठिकाणीं उंबरठ्यावरची अडचण तशीच राहिली. महात्मा फुल्यांस आणि त्यांच्या सहकाऱ्यांस पुण्यांत अस्पृश्यांसाठीं निराळ्या शाळा काढाव्या लागल्या त्या याच दशकांत.

पुढच्या पिढ्यांत मूल आंत आलें, पण कोपऱ्यांत. डॉ. आंबेडकरांनीं आपल्या साताऱ्याच्या शाळेविषयीं लिहिलें आहे कीं, त्यांना वर्गांत बसण्यासाठीं घरून गोणपाट न्यावें लागे, तें परत घरीं आणावें लागे, आणि शिपाई हजर नसेल तर पाणी मिळत नसे. त्या मुलाचा आणि मास्तरांचा नमस्कार होत असेल तर तो बिनस्पर्शाचाच. तोच मुलगा १९१८ सालीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. प्राध्यापकांच्या खोलींतील पाण्याच्या भांड्याला त्यांनीं हात लावण्यास कांहीं सहकाऱ्यांचा आक्षेप होता, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. वर्गांतील विद्यार्थ्यांना मात्र तेथल्या वहिवाटीचा इंग्रजी 'सर' म्हणण्यासाठीं पाण्याचें भांडें ओलांडावें लागत नव्हतें. एकाच इमारतींत एका भिंतीच्या अलीकडे सोंवळें आणि पलीकडे हा 'सर'. तो शब्द भेद नाहींसा करी असें मी म्हणत नाहीं. तो भेद न विचारतां पुढें जात असे, इतकेंच. आणि एवढी देखील सोय आपल्या जुन्या शब्दांत नव्हती.

आतां शाळेंतून महाविद्यालयांत येऊं. शाळेंत तोच वर्ग दिवसभर त्याच खोलींत असतो आणि शिक्षक पाहुण्यासारखे येतात-जातात. म्हणून घरांत पाहुणा आल्यावर उठावें तसें उठणें शोभतें. महाविद्यालयांत विद्यार्थी तासागणिक या खोलींतून त्या खोलींत हिंडतात. पुष्कळदां प्राध्यापक आधींच येऊन बसलेले असतात आणि मुलें मागाहून लोंढ्यानें आंत शिरतात. पाहुणा कोण आणि यजमान कोण हेंच ठरत नाहीं. शिवाय शाळेंत मुलें तीं आणि शिक्षक ते वर्षानुवर्षें असतात. येथें आठवड्यांतून तीन-चार तासांची गांठ.

पण खरें कारण मला हजेरींत दिसतें. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. पदवीपरीक्षेस बसण्यासाठीं महाविद्यालयांत टर्म भरण्याची पद्धत रूढ झाली. टर्म भरली हें सिद्ध करावयाचें तर हजेरी हवी, आणि हजेरी म्हणजे नंबर. प्राध्यापक नंबर उच्चारतात आणि मूल 'प्रेझेंट सर' किंवा 'येस सर' म्हणतें. नीट पाहिलें तर महाविद्यालयांतील खरा नमस्कार हाच आहे. मी एकदां घड्याळ लावून पाहिलें: १२० मुलांच्या वर्गांत दर नंबरास दोन-तीन सेकंद धरले तरी चार ते सहा मिनिटें जातात. पन्नास मिनिटांच्या तासापैकीं दहावा भाग या नमस्कारांत गेल्यावर त्याआधीं आणखी एक समूहगजर कशाला, असें मुलांस वाटलें तर तें अगदींच चूक नव्हे. त्या हजेरींतलें कपटहि नामांकित आहे. आपल्या मित्राच्या नंबराला दुसऱ्यानेंच आवाज बदलून ओ देणें, म्हणजे प्रॉक्सी. अभिवादन करितांना स्वतःचें नांव उच्चारावयाचें ही एके काळची रीत. दुसऱ्याच्या वतीनें नमस्कार घालण्याची युक्ति निघाली ती नांवाच्या जागीं नंबर आल्यावर. माझ्या पहिल्या तासाच्या त्या प्राध्यापकांनीं मान वर कां केली नाहीं, हें मला पुढें स्वतः हजेरी घेऊं लागल्यावर उमगलें. त्यांच्या दृष्टीनें माझी वेळ अद्याप आलेलीच नव्हती. माझा नंबर पुष्कळ पुढें होता.

या प्रवासांत 'सर' हा शब्द मात्र पुरता मराठी झाला. इंग्रज मनुष्य आडनांवाच्या पुढें 'सर' कधीं लावीत नाहीं. आपण 'कुलकर्णी सर', 'पाटील सर' म्हणतों. म्हणजे पंत, राव, बुवा, शास्त्री हे शब्द ज्या जागीं बसत तेथें आपण त्याला नेऊन बसविलें आहे. त्याला आदरार्थी बहुवचन लागतें, 'सर आले' असें आपण म्हणतों, आणि प्रत्ययहि बिनतक्रार लागतात. उलट त्याच इंग्रजींतून आलेला 'मास्तर' घसरत गेला. 'शाळामास्तर' या शब्दांत आज आदरापेक्षां कींवच अधिक ऐकूं येते. 'गुरुजी' प्राथमिक शाळेंत टिकून आहेत आणि सत्यनारायणाच्या पाटाजवळहि. माध्यमिक शाळेंतल्या 'बाई' महाविद्यालयाच्या फाटकांतून आंत येतांच 'मॅडम' होतात. माझ्या एका सहकारिणी मराठीच्या प्राध्यापिका आहेत. त्यांना शाळेंतली संवय म्हणून एका मुलीनें 'बाई' म्हटलें आणि ती लगेच जीभ चावून गप्प झाली. बाईंना तो शब्द फार गोड वाटला होता, पण तें तिला सांगावयाचें राहून गेलें.

आणि 'गुड मॉर्निंग' या शब्दांस वेळेचें बंधन आपण ठेविलेलें नाहीं. दुपारच्या शाळेंत तीन वाजतां सुद्धां मुलें तो गजर करितात. मी पूर्वीं हंसत असें. आतां हंसत नाहीं. कोणाला सकाळीं 'रामराम' म्हटला म्हणून तो दुपारीं खोटा होत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत प्रवेशाच्या गर्दींत एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्या खोलीच्या दारांत उभे राहिले. बाहेर चिखल होता, म्हणून त्यांनीं वाहणा दाराबाहेर काढल्या. मुलाचे बूट पायांतच होते. त्यांनीं हात जोडले आणि 'रामराम मास्तर' म्हणाले. मुलगा ओशाळला आणि घाईघाईनें 'गुड मॉर्निंग सर' म्हणाला. मीं दोघांनाहि 'रामराम' म्हटलें आणि खुर्ची दाखविली. कोणत्या वर्गांत आहेस, म्हणून विचारतांच मुलानें झटकन् सांगितलें, 'रोल नंबर १०७, सर.' मीं त्याचें नांव विचारलें. तो थोडा गोंधळला, वडिलांकडे पाहिलें, आणि मग हळू आवाजांत त्यानें आपलें, वडिलांचें आणि शेवटीं गांवाचेंहि नांव सांगितलें.